एक्स्ट्रा प्लॅन सोडताना: प्लेस्टेशन प्लसमधून बाहेर पडायचे माझे दोन महिने

नोव्हेंबर 2023 मध्ये आम्ही घरी पीएस5 हा सोनीचा गेम खेळायचा कन्सोल आणला आणि त्याच आठवड्यात, 18 तारखेला, मी प्लेस्टेशन प्लस या त्यांच्या सबस्क्रिप्शनचा एक्स्ट्रा प्लॅन वर्षभरासाठी घेतला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वर्षाचे दर वाढले होते, एक्स्ट्राचे 4,999 चे 6,699 झाले होते, पण महिन्याला 749 भरत बसलं तर वर्षाचे 8,988 होतात म्हणून एकदम वर्षाचाच घेऊन टाकला. प्लॅन चालू असेपर्यंत खेळता येणाऱ्या गेमच्या कॅटलॉगमध्ये शेकड्यांनी गेम, नवीन डिस्क एक घ्यायची तर चार-पाच हजार, त्यामुळे हिशेब सरळ वाटला होता. आणि पहिले सहा महिने तो खरंच सरळ होता, मजा आली, ते नाकारत नाही.

हे लिहितेय ते पुढच्या भागासाठी. वर्ष संपल्यावर मला हा प्लॅन पुढे चालू ठेवायचा नव्हता, आणि बाहेर पडताना आपलं काय राहतं, काय जातं, खेळात कुठवर पोचलो ते साठवणाऱ्या सेव्ह फाइल्सचं काय होतं हे शोधायला मला जवळजवळ दोन महिने लागले. मराठीत कुठे एकत्र सापडलं नाही. म्हणून माझं जसं झालं तसं क्रमाने लिहिते.

आधी प्लॅन कसे आहेत ते पटकन. आपल्याकडे भारतात तीन आहेत, एसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स. एसेन्शियलमध्ये ऑनलाइन मल्टिप्लेअर, दर महिन्याचे दोन-चार गेम आणि क्लाउड सेव्ह, म्हणजे सेव्हची प्रत त्यांच्या सर्व्हरवर. एक्स्ट्रामध्ये हे सगळं अधिक मोठा गेम कॅटलॉग. डिलक्समध्ये त्यावर जुने क्लासिक गेम आणि काही नवीन गेम ठरावीक तास खेळून बघायची सोय. बाहेरच्या देशात प्रीमियम म्हणून जो प्लॅन आहे त्यात गेम स्ट्रीम करता येतात, आपल्याकडे ते नाही म्हणून त्याच्या जागी डिलक्स. मला जुने गेम खेळायचे नव्हते म्हणून एक्स्ट्रा.

पहिला धक्का मे 2024 मध्ये बसला. मी होरायझन झीरो डॉन खेळत होते, कॅटलॉगमधूनच. साधारण तीस तास झाले होते, त्या मेरिडियन शहरात नुकती पोचलेली. मग आठ-दहा दिवस ऑफिसच्या ऑडिटमुळे हात लावता आला नाही, आणि परत उघडायला गेले तर गेमच्या चित्रावर कुलूप. गेम डाउनलोड केलेला, पन्नास-साठ जीबी जागा खाऊन बसलेला, सेव्हसुद्धा तिथेच, पण उघडत नाही. माझा प्लॅन चालू होता, पैसे भरलेले होते, तरी नाही.

त्या दिवशी कळलं की कॅटलॉगमधला गेम खेळायला दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. तुमचा एक्स्ट्रा चालू पाहिजे आणि तो गेमही त्या दिवशी कॅटलॉगमध्ये पाहिजे. यातली एक जरी सुटली तरी कुलूप. डाउनलोड करून ठेवला म्हणजे वाचला असं नसतं. आणि कंपनीचे स्वतःचे गेम तरी कायम राहत असतील असं मी धरून चालले होते, तेही नाही, होरायझन त्यांचाच आहे. जाणाऱ्या गेमची यादी प्लसच्या पानावर खाली `Last Chance to Play` या नावाखाली काही आठवडे आधीपासून दिसते. मी तिथवर कधी स्क्रोलच केलं नव्हतं. तेव्हापासून नियम केलाय, महिन्याच्या सुरुवातीला एकदा ती यादी बघायची, आणि मोठा गेम सुरू करण्याआधी तर बघायचीच.

यात एक गोष्ट मनाला फार लागली ती सांगते. माझ्या मावसभावाकडे हाच गेम आहे आणि तो अजून चालतो, त्याने कधी एक रुपया दिलेला नाही. 2021 मध्ये लॉकडाउनच्या काळात प्लेस्टेशनने काही गेम सगळ्यांना फुकट वाटले होते, त्यात एप्रिल-मेमध्ये होरायझनची कम्प्लीट एडिशन होती, प्लस नसलं तरी घेता यायची आणि घेतली की कायमची. म्हणजे एकच गेम, त्याच्याकडे फुकट आणि कायमचा, माझ्याकडे पैसे भरून तात्पुरता. गेम आपल्याकडे कोणत्या दाराने आला यावर सगळं ठरतं, हे मला तिथे पहिल्यांदा नीट उमजलं.

दुसरी गोष्ट जूनमधली, आणि ती पूर्णपणे माझ्या हातून झाली. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीत आमच्याकडे असतो. त्याचा वेगळा अकाउंट याच पीएस5 वर आहे आणि माझ्या प्लसवर तो खेळतो. हे चालतं, अधिकृत सोय आहे, `Console Sharing and Offline Play` नावाचं सेटिंग एका अकाउंटला एका पीएस5 वर चालू करता येतं आणि मग त्या मशीनवरच्या बाकी सगळ्यांना तुमचे गेम आणि ऑनलाइन मल्टिप्लेअर दोन्ही मिळतं. तो घोस्ट ऑफ सुशिमा खेळत होता, नकाशाच्या शेवटच्या भागापर्यंत गेला होता. तो होस्टेलवर गेल्यावर मी मशीन साफ करायला बसले, तीन-चार यूजर दिसत होते, पाहुण्यांच्या पोरांनी बनवलेले, ते काढता काढता त्याचाही यूजर काढला गेला. मला वाटलं काय होतंय, क्लाउडवर असेल, तो परत लॉगिन करेल आणि सगळं येईल.

नाही आलं. गेम आणि ऑनलाइन शेअर होतं, पण क्लाउड सेव्ह शेअर होत नाही. ज्याच्या नावावर प्लस आहे त्याच्याच सेव्ह क्लाउडवर जातात, घरातल्या बाकीच्यांच्या फक्त मशीनवर असतात. आणि यूजर डिलीट केला की मशीनवरच्या त्याच्या सेव्हही जातात. गेममध्ये टप्पे गाठल्यावर मिळणाऱ्या त्याच्या ट्रॉफी परत दिसल्या कारण त्या सर्व्हरवर असतात, खेळ मात्र पहिल्या घोड्यापासून. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, जाऊ दे, परत खेळीन." पण त्याच्या आवाजावरून कळत होतं. मला दोन दिवस नीट झोप लागली नाही, गेम आहे म्हणून सोडून देण्यासारखं ते नव्हतं, त्याच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्टीचं काम होतं ते.

तर या दोन गोष्टींमुळे सप्टेंबरमध्ये ठरवलं की यावेळी घाईने काही करायचं नाही. 18 नोव्हेंबरला प्लॅन संपणार, 15 सप्टेंबरला मी वही घेऊन टीव्हीसमोर बसले.

सगळ्यात आधी प्लॅन कधी संपतो आणि आपोआप पैसे कापले जाणार आहेत का ते बघितलं. `Settings`, मग `Users and Accounts`, मग `Account`, मग `Payment and Subscriptions`, तिथे `Subscriptions`. प्लसवर गेलं की पुढची तारीख आणि रक्कम दिसते. ऑटो-रिन्यू चालूच होतं, घेतानाच ते चालू असतं. ते मी तिथल्या तिथे बंद केलं. बंद करताना स्क्रीनवर असं काही येतं की हे हे सगळं तुम्ही गमावाल, ते वाचून पोटात गोळा येतो, पण बंद केल्याने त्या क्षणी काहीही जात नाही, भरलेल्या तारखेपर्यंत सगळं जसंच्या तसं चालतं. त्यामुळे हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका, ज्या दिवशी ठरलं त्याच दिवशी करा.

मग लायब्ररी. यात एक अख्खी संध्याकाळ गेली. `Game Library` मध्ये गेमच्या नावाजवळ प्लसचं पिवळं चिन्ह असेल तर तो प्लसमुळे आलेला, नसेल तर आपला. पण पिवळ्या चिन्हातही दोन प्रकार आहेत आणि त्यांची नशिबं वेगळी आहेत, हे स्क्रीनवर सहज कळत नाही.

एक, महिन्याचे गेम. दर महिन्याला येतात ते लायब्ररीत टाकून ठेवायचे, डाउनलोड करायची गरज नाही, फोनवरच्या ॲपवरूनही होतं. एकदा टाकला की तो पुढच्या महिन्यात यादीतून गेला तरी तुमच्याकडे राहतो, फक्त प्लस चालू पाहिजे, आणि त्यासाठी सगळ्यात स्वस्त एसेन्शियलही चालतं. प्लस बंद झालं तर कुलूप, वर्षाने परत घेतलं तर कुलूप उघडतं. दोन, कॅटलॉगचे गेम. ते एसेन्शियलवर उतरल्यावर चालत नाहीत आणि कॅटलॉगमधून गेल्यावर कोणालाच चालत नाहीत.

माझ्या वहीत 43 गेम निघाले. त्यातले खरोखर माझे चार, दोन डिस्क आणि दोन सेलमध्ये विकत घेतलेले. महिन्याचे 17, बाकीचे 22 कॅटलॉगचे. सेलमधल्या दोघांपैकी एक प्लसच्या जादा सवलतीत घेतला होता, तो जाईल का अशी धाकधूक होती. तो जात नाही. सवलत प्लसमुळे मिळाली तरी पैसे देऊन घेतलेला गेम आपलाच राहतो. गेमचा जो जादा भाग वेगळा विकत मिळतो त्या ॲड-ऑनचं मात्र लक्षात ठेवा, कॅटलॉगमधल्या गेमसाठी विकत घेतलेलं ॲड-ऑन आपल्या नावावर राहतं पण मूळ गेमला कुलूप लागलं की ते उघडणार कशात. मी असं एकासाठी 800 रुपये घातले होते, आज ते नुसतं यादीत आहे.

महिन्याच्या गेमच्या बाबतीत मला भाच्याचा विचार करायचा होता. तो मित्रांबरोबर एफसी 24 हा फुटबॉलचा गेम खेळतो आणि तो गेम मे 2024 चा महिन्याचा गेम म्हणून आला होता, मी तेव्हा टाकून ठेवला होता. म्हणजे त्याला कॅटलॉग नको, फक्त एसेन्शियल पुरे, गेमही उघडतो आणि ऑनलाइनही चालतं. तिथेच निर्णय झाला. एक्स्ट्रा संपू द्यायचा, मग तीन महिन्यांचं एसेन्शियल 1,199 ला घ्यायचं, आणि त्याची परीक्षा जवळ आली की तेही सोडायचं.

इथे एक प्रश्न होता की चालू एक्स्ट्रामधूनच एसेन्शियलवर उतरायचं का. तसंही करता येतं, उतरायची विनंती आत्ता केली तरी ती पुढच्या बिलाच्या तारखेलाच लागू होते, मधले दिवस कापले जात नाहीत. वर चढताना उलटं असतं, उरलेल्या सगळ्या दिवसांचा फरक लगेच भरावा लागतो. मी संपू द्यायचा मार्ग घेतला कारण मला मधले दोन दिवस रिकामे बघायचे होते, प्लस नसताना मशीन नेमकं काय करतं ते. तुम्हाला खंड नको असेल तर सरळ उतरा.

आता सेव्ह. ऑक्टोबरचे दोन रविवार यात गेले आणि सगळ्यात जास्त शिकले ते इथेच.

क्लाउडची मर्यादा पीएस5 च्या सेव्हसाठी 100 जीबी आणि आधीच्या पीएस4 मशीनच्या गेमच्या सेव्हसाठी वेगळे 100 जीबी. मी आधी याच आकड्याची काळजी करत होते. माझ्या सगळ्या सेव्ह मिळून दोन जीबीसुद्धा भरल्या नाहीत. आकड्याचा त्रास कोणाला होत असेल असं मला वाटत नाही. खऱ्या मर्यादा दुसऱ्या आहेत. पहिली ती भाच्याची, ज्याचं प्लस त्याचंच क्लाउड. दुसरी, क्लाउडवर साधारण शेवटची प्रत राहते, जुन्या प्रती साठवून ठेवत नाही. समजा तुम्ही चुकून नवीन गेम सुरू करून जुन्या स्लॉटवर सेव्ह केलं आणि ऑटो-सिंक झालं, तर वरची चांगली प्रतही गेली. म्हणून याला बॅकअप समजू नका, ती फक्त दुसऱ्या जागेवर ठेवलेली तीच फाइल आहे. आणि तिसरी, प्लस संपल्यावर क्लाउडवरचं उघडता येत नाही आणि ते सहा महिने ठेवतात, त्यानंतर पुसलं जाऊ शकतं. सहा महिन्यांत परत प्लस घेतलं तर मिळतं.

मशीनवरच्या सेव्हना काही होत नाही, हे ठळक सांगते कारण मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती. प्लस संपलं तरी मशीनवरची सेव्ह जागेवर राहते. गेम डिलीट केला तरी राहते. फक्त यूजर डिलीट केला किंवा मशीन रीसेट केलं किंवा स्वतः जाऊन सेव्ह पुसली तर जाते.

पण मशीन बिघडलं तर? म्हणून पेनड्राइव्ह. 64 जीबीचा 450 रुपयांना घेतला आणि लॅपटॉपवर exFAT मध्ये फॉरमॅट केला. `Settings` मध्ये `Saved Data and Game/App Settings` उघडलं की दोन ओळी दिसतात, `Saved Data (PS4)` आणि `Saved Data (PS5)`. पीएस4 च्या ओळीत `Copy to USB Drive` मिळतं, गेम निवडा, कॉपी करा, दोन मिनिटांचं काम. पीएस5 च्या ओळीत यूएसबीचा पर्यायच नाही, फक्त क्लाउड. मी दहा वेळा आत-बाहेर करून बघितलं, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं, पीएस5 गेमची सेव्ह एकेकटी पेनड्राइव्हवर घेताच येत नाही. प्लस नसलेल्या माणसाला त्यासाठी एकच आडवाट आहे.

ती आडवाट म्हणजे अख्ख्या मशीनचा बॅकअप. `Settings`, `System`, `System Software`, `Back Up and Restore`. त्यात गेम वगळून फक्त सेव्ह, फोटो-व्हिडिओ आणि सेटिंग असं निवडता येतं, माझं दहा मिनिटांत झालं, मशीन स्वतः रीस्टार्ट होतं तेव्हा घाबरू नका. यात सगळ्या यूजरच्या सेव्ह येतात, म्हणजे भाच्याच्याही, ज्या क्लाउडवर कधी जात नाहीत. पण परत टाकताना मशीन आधी पूर्ण पुसलं जातं आणि मग बॅकअप चढतो, एकच गेम काढून घेता येत नाही. म्हणजे ही रोजच्या वापराची गोष्ट नाही, मशीन गेलं तर उपयोगी पडेल अशी. ट्रॉफी यात येत नाहीत, त्या आधी सर्व्हरवर गेल्यात ना तेवढं बघून घ्या.

जूनमध्ये हे माहीत असतं तर! असो. यावेळी मी पेनड्राइव्हवर कागद चिकटवून तारीख लिहिली आहे आणि तो टीव्हीच्या खालच्या खणात ठेवलाय.

होरायझनचंही इथेच मार्गी लागलं. तो पीएस4 चा गेम, म्हणून त्याची सेव्ह पेनड्राइव्हवर आली. तो मला संपवायचाच होता, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला जुनी डिस्क घेतली, 900 रुपये, एका माणसाकडून ऑनलाइन. डिस्क टाकली, गेम सुरू झाला आणि थेट पहिल्या दृश्यापासून, माझी तीस तासांची सेव्ह त्याला दिसतच नव्हती. मशीनवर सेव्ह आहे, गेम तोच आहे, तरी नाही. त्या रात्री खरंच रडू आलं.

कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. प्रत्येक पीएस4 डिस्कच्या पेटीच्या कण्यावर बारीक अक्षरात CUSA आणि पुढे पाच आकडे असतात. तोच गेम अमेरिकेसाठी, युरोपसाठी, आशियासाठी वेगवेगळ्या आकड्यांनी निघतो, साधी आवृत्ती आणि कम्प्लीट एडिशन यांचेही आकडे वेगळे असू शकतात, आणि सेव्ह त्या आकड्याला बांधलेली असते. आता माझ्या सेव्हचा आकडा कुठून कळणार? तर पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला की त्यात असं फोल्डर दिसतं:

```
PS4/SAVEDATA/(अकाउंटचा लांब कोड)/CUSAxxxxx
```

प्रत्येक गेमचं एक CUSA फोल्डर. मी भिंग घेऊन बसल्यासारखी पेटीचा कणा आणि लॅपटॉपची स्क्रीन शेजारी शेजारी धरून वाचत होते, शेवटचे तीन आकडे वेगळे. डिस्क दुबईहून आलेली होती. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, त्याचंही बरोबर होतं, त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं. मग दुसऱ्या ठिकाणी पेटीच्या कण्याचा फोटो आधी मागवला, आकडा जुळवला आणि 850 ला घेतली. पहिली डिस्क 600 ला विकली गेली. म्हणजे 300 रुपये या शिक्षणात गेले. नवीन डिस्क टाकली, `Continue` दिसलं, आणि मी मेरिडियनच्या त्याच पुलावर उभी. तो क्षण मी विसरणार नाही.

तुम्ही कॅटलॉगमधला गेम अर्धा खेळून नंतर डिस्क घेणार असाल तर सेव्हचा आणि पेटीचा आकडा आधी जुळवा. पैसे नंतर द्या.

दिवाळीला भाचा आला, ऑक्टोबरच्या 30 ला. एक्स्ट्राचे अठरा-एकोणीस दिवस उरले होते. त्याने घोस्ट ऑफ सुशिमा परत सुरू केला आणि यावेळी रोज रात्री जेवण झालं की दोन तास. फराळाचं ताट मांडीवर आणि हातात कंट्रोलर, माझी ताई त्याला ओरडत होती, मी नाही ओरडले. सुट्टी संपेपर्यंत नकाशाच्या तिसऱ्या भागात पोचला, मग 16 तारखेच्या शनिवारी मुद्दाम परत आला आणि रविवारी रात्री साडेअकराला शेवट बघितला. म्हणजे संपायच्या आदल्या रात्री.

18 नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ऑफिसला जाताना मशीन लावून बघितलं तर सगळं चालू. संध्याकाळी आले तेव्हा पिवळी चिन्हं असलेल्या 39 गेमवर कुलूप. मोठा आवाज नाही, मेसेज नाही, फक्त छोटी कुलपं. क्लाउडच्या पानावर गेले तर प्लस घ्या म्हणून सांगतं.

चार आपले गेम व्यवस्थित उघडले. त्यातला ग्रॅन टुरिस्मो 7 मी मुद्दाम तपासला कारण तो मुळात इंटरनेटशिवाय नीट चालत नाही, मला वाटत होतं प्लस गेल्यावर तो पण बंद. पण इंटरनेट लागणं वेगळं आणि प्लस लागणं वेगळं. त्यातला एकट्याने खेळायचा भाग, गाड्या विकत घेणं, लायसन्स टेस्ट, सगळं चालू होतं. स्पोर्ट मोडमध्ये दुसऱ्या माणसांशी ऑनलाइन शर्यत लावायला गेले तेव्हा प्लसचं पान आलं. आणि फोर्टनाइटसारखे जे गेम मुळातच फुकट आहेत त्यांना ऑनलाइन खेळायलाही प्लस लागत नाही, तुमच्या घरातली पोरं फक्त तेच खेळत असतील तर तुम्ही कदाचित उगाच पैसे भरताय, एकदा बघा.

20 तारखेला एसेन्शियल घेतलं. माझं कार्ड तिथे दोनदा नाकारलं गेलं म्हणून वॉलेटमध्ये पैसे भरायचा कोड घेतला आणि त्यातून भरले. माझं मत असं की प्लॅनचा कोड घेण्यापेक्षा वॉलेटचा घ्या, प्लॅन बदलला तरी पैसे पैसेच राहतात. वॉलेटमधलं उरलेलं परत मिळत नाही पण, म्हणून लागतील तेवढेच भरा. आणि घेतल्या घेतल्या परत त्या `Subscriptions` पानावर जाऊन ऑटो-रिन्यू बंद केलं.

महिन्याच्या 17 गेमची कुलपं लगेच निघाली. दोन अडकून बसले होते, त्यासाठी `Users and Accounts` मध्ये `Other` खाली `Restore Licenses` आहे, ते केल्यावर तेही उघडले. कॅटलॉगच्या 22 ची कुलपं तशीच. ते गेम मी मशीनवरून काढले, जवळजवळ 400 जीबी मोकळे झाले, सेव्ह ठेवल्या. कधी सेलमध्ये घेतलाच तर तिथून पुढे खेळता येईल.

एकूण खर्च लिहून ठेवते, दर नंतर बदलू शकतात तेव्हा स्वतः बघून घ्या. एसेन्शियल 1,199, पेनड्राइव्ह 450, डिस्क हातात पडेपर्यंत 1,150. एक्स्ट्रा परत घेतला असता तर 6,699. मी परत कधी एक्स्ट्रा घेणारच नाही असं नाही, एखाद्या सुट्टीत एक महिना घेईन, आधी यादी करून.

एसेन्शियल 20 फेब्रुवारी 2025 ला संपलं. यावेळी काही धावपळ झाली नाही, आदल्या रविवारी मी पीएस5 च्या सेव्ह हाताने क्लाउडवर चढवल्या, भाच्यासकट सगळ्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला आणि कागदावरची तारीख बदलली. सहा महिने धरले तर 20 ऑगस्टपर्यंत क्लाउडवरचं राहील. फोनमध्ये 1 ऑगस्टचा रिमाइंडर लावलाय. भाच्याची परीक्षा तोवर झालेली असेल, त्याला एफसी खेळायचा असला तर एक महिना तेव्हा घेऊ आणि क्लाउडही तेव्हाच तपासू. होरायझन मी जानेवारीत संपवला.